अनुभव धागा: आधी थोडे पैसे देऊन मग 'विथड्रॉवल पेंडिंग' दाखवणारी अ‍ॅप्स

परळची_मेधा
काल लेडीज डब्यात समोरची कॉलेजची मुलगी लाल-हिरवा खेळत होती. वर एक मिनिटाचं घड्याळ, त्याखाली पिरियड नंबर आणि लाल, हिरवं, जांभळं अशी तीन बटणं. कुठला रंग लागेल त्यावर पैसे लावायचे. कायद्याने बंदी आली तरी हे सुरूच आहे हे बघून पोटात गोळा आला, आणि धाकट्या दिराचं सगळं पुन्हा आठवलं. बंदीच्या आधीची गोष्ट आहे.

त्याला ऑफिसातल्या मित्राने लिंक पाठवली होती. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, फाइल उतरवून टाकायचं. 500 भरले, थोडे जिंकले, 300 काढून बघितले तर दहा मिनिटांत बँकेत जमा. मग 2,000 भरून 1,200 काढले, तेही आले. त्या दोन मेसेजनीच घात केला. घरात सगळ्यांना दाखवत होता, "बघ वहिनी, देतात." मग गणपतीला गावी जायचे 15,000 टाकले. स्क्रीनवर 62,400 दिसायला लागले. काढायला गेला तर 'प्रोसेसिंग'. टेलिग्रामवरच्या कस्टमर केअरवाल्याने सांगितलं की 30 टक्के इन्कम टॅक्स आधी भरा, 18,720. बॅलन्समधून कापता येत नाही म्हणे. याने भरले. मग नवीन मेसेज: तुमचा IFSC चुकीचा आहे, खातं गोठलंय, 20 टक्के म्हणजे 12,480 डिपॉझिट भरा, परत मिळेल.

ते पैसे मागायला आमच्याकडे आला तेव्हा कळलं. मी अ‍ॅपमधला IFSC पासबुकाशी ताडून पाहिला. पाचव्या जागी शून्य हवं, तिथे इंग्रजी ओ दिसत होता. याने बरोबर टाकलेला, आधीचे दोन्ही पैसे त्याच कोडवर आले होते. म्हणजे तो आतून कुणीतरी बदलला होता.

तुमच्याकडे, ओळखीत असं झालं असेल तर लिहा. कोणाला नावं ठेवायला नाही हा धागा.

विरार_फास्ट
सेम टू सेम. आमच्या सेक्शनमधल्या पोराला टॅक्स नाही, "व्हीआयपी चॅनेल फी" सांगितली. नाव बदलतं फक्त. गाडी आली, नंतर लिहितो

मालाडचा_सीए
मेधाताई, टॅक्सच्या मेसेजवर थोडं सविस्तर लिहितो, कारण तो ऐकला की भलेभले गप्प बसतात. 30 टक्के हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकीवर 30 टक्के टीडीएस खरंच आहे. म्हणूनच गुगल केलं की माणसाला ते खरं वाटतं. पण तो कंपनीने पैसे देताना कापून घ्यायचा असतो. कापला की तुमच्या पॅनवर फॉर्म 26AS मध्ये दिसतो. खेळणाऱ्याने आधी कुणाच्या यूपीआयवर टॅक्स पाठवायचा, अशी सोय कायद्यात कुठेच नाही.

शिवाय हिशेबही चुकलेला आहे. टॅक्स जिंकीवर लागतो, दिसणाऱ्या बॅलन्सवर नाही. दिराने एकूण भरले 17,500. काढलेले 1,500 आणि शिल्लक 62,400 मिळून 63,900. त्यातून भरलेले वजा केले की जिंकी 46,400 आणि टॅक्स 13,920. त्यांनी अख्ख्या 62,400 वर 30 टक्के लावले. कोणी अशा मेसेजमध्ये अडकलं असेल तर एवढा गुणाकार करून बघा. आणि समजा हिशेब बरोबर निघाला, तरी 'आधी भरा' म्हटलं की तिथेच थांबायचं.

परळची_मेधा
बापरे. हे तेव्हा माहीत असतं तर 18,720 तरी वाचले असते. दिराला तुमचा प्रतिसाद पाठवते.

आई_ऑफ_टू
माझ्या मुलाने गेममध्ये बंदुकीचे रंग की काय घेतले, माझ्या कार्डावरून 4 हजार गेले!! ते परत मिळतील का? कंपनी रिप्लायच देत नाहीये

चेंबूरकर_भाऊ
ताई तो प्रकार वेगळा, ती इन-अ‍ॅप खरेदी झाली. प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्टरीत जाऊन रिफंडची विनंती टाका, लवकर टाकली तर शक्यता जास्त. आणि खरेदीला पासवर्ड लावा.

आई_ऑफ_टू
थँक्यू भाऊ करते. कुकर लावलाय

लालबागचे_तात्या
आमच्या तरुणपणी गिरणगावात नाक्यानाक्यावर मटका चाले. ओपन-क्लोज, पाना, सगळं चिठ्ठीवर. मी त्याचं कौतुक करत नाही, घरं धुऊन गेलीत त्यात, पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर उभ्या राहायच्या. पण आकडा लागला की बुकी पैसे द्यायचा. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर बसायचं असे. दिले नाहीत तर चाळीतली माणसं त्याचं काय करतील हे त्याला ठाऊक होतं. आता समोर माणूसच नाही. कोणाला गाठणार?

विरार_फास्ट
तात्या, अगदी बरोबर बोललात. आमच्या पोराने त्या केअरवाल्याला व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर ब्लॉक.

घाटकोपर_नाइट_शिफ्ट
माझा उलटा प्रॉब्लेम आहे. मी थोडंच खेळलो, 900 काढले, ते आले, अ‍ॅप डिलीट केलं. विषय संपला होता. आता दोन महिन्यांनी पगाराचं खातं फ्रीज. बँक म्हणते दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून आलंय. घराचा हप्ता बाउन्स झाला. मी तर कुणाला फसवलं नाही. कोणाला माहितीये का काही?

बँकेतली_वहिनी
घाटकोपर, हे आमच्या शाखेत सारखं येतं. काय होतं ते सांगते. या अ‍ॅपचं स्वतःचं बँक खातं नसतं. पैसे भरताना प्रत्येक वेळी क्यूआर वेगळा येतो ना? ती भाड्याने घेतलेली खाती असतात, कधी किराणावाल्याच्या नावाने, कधी एखाद्या कॉलेजच्या पोराच्या. तुम्हाला आलेले 900 तशाच खात्यातून आले. तिथे ते कुणीतरी दुसऱ्याने भरलेले होते. त्या माणसाने पुढे तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत जातात. पहिलं खातं, तिथून दुसरं, तिथून तिसरं. त्या साखळीत तुमचं खातं आलं.

आता करायचं काय, तर शाखेत लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, आणि किती रकमेवर आक्षेप आहे. मग त्या तपास अधिकाऱ्याला मेल करा. सोबत स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप जोडा, 900 कुठून आले ते खरं लिहा, आणि अख्खं खातं न गोठवता आक्षेपाच्या रकमेपुरताच लीन ठेवावा अशी विनंती करा. लीन म्हणजे तेवढे 900 अडकतात, बाकी खातं चालतं. काही ठिकाणी आठवड्यात उत्तर येतं, काही ठिकाणी महिने जातात. खोटं सांगू नका की पैसे मित्राने दिले. स्टेटमेंटवर सगळं दिसतं.

घाटकोपर_नाइट_शिफ्ट
वहिनी खूप आभार. बँकेत आतापर्यंत कुणी एवढं नीट सांगितलं नव्हतं, फक्त "वर विचारा". उद्या सुट्टी काढून जातो.

अंधेरी_ईस्ट_८९
पोलिसांकडे जाऊ नका, खेळणाऱ्यालाच आत टाकतात. नवीन कायदा आलाय.

मालाडचा_सीए
अर्धं बरोबर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती शिक्षा चालवणाऱ्याला आहे, नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. मात्र तुम्ही लिंक वाटून कमिशन घेतलं असेल किंवा आपलं खातं कुणाला वापरायला दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा.

अंधेरी_ईस्ट_८९
ओके. माझा भाचा लिंक वाटायचा, म्हणून विचारलं. त्याच्या खालच्या मुलांनी भरलं की याला टक्केवारी यायची.

मालाडचा_सीए
त्याला आजच थांबवा. बाकीचं इथे नको, व्यनि करा.

जोगेश्वरीची_स्वाती
कुणी 1930 ला फोन केलाय का? त्यावर केलं की पैसे परत येतात ना सगळे?

परळची_मेधा
सगळे नाही गं. आम्ही दिराचा टॅक्स गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी केला. त्यांनी यूटीआर नंबर मागितला, 12 अंकी, यूपीआयच्या हिस्टरीत असतो. बँक, रक्कम, वेळ विचारली. मग cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण केली. 18,720 पैकी 6,200 दुसऱ्या खात्यात होते तेवढे अडवले गेले, बाकीचे रात्रीतच एटीएममधून निघाले होते. अडवलेले मिळायलाही कोर्टाचा आदेश लागला, बरेच महिने गेले. आधीच्या 15,000 चं काहीच झालं नाही. म्हणून फोन त्याच तासात करायला हवा. "उद्या विथड्रॉवल येईल" याची वाट बघण्यातच ते निसटतात.

विरार_फास्ट
आलो परत. आमच्या पोराचं राहिलं सांगायचं. त्याला टेलिग्रामवर एक "टीचर" होता, तो प्लॅन द्यायचा. हरलास की तिप्पट लाव. 100, 300, 900, 2,700, 8,100, 24,300. जिंकलं की मागचं सगळं वसूल आणि वर फायदा, ऐकायला पटतं. पण सहा वेळा लागोपाठ उलटं लागलं की 36,400 गेले. आणि निकाल त्यांच्याच सर्व्हरवर ठरतो, ज्या रंगावर कमी पैसे तो लागतो असं पोरं म्हणतात. सिद्ध कोण करणार. पोरगं लग्नाचे पैसे घालवून बसलं, आता डब्यात कुणाशी बोलत नाही.

जोगेश्वरीची_स्वाती
अरेरे. त्याला एकटं सोडू नका हो. घरी सांगितलंय का त्याने?

विरार_फास्ट
नाही. रविवारी मी आणि अजून दोघं जातोय त्याच्या घरी.

लालबागचे_तात्या
जा बाबा. आणि आधी त्याच्या बापाला बाजूला घेऊन बोला, पोरासमोर एकदम काढू नका.

बँकेतली_वहिनी
त्याला अजून एक सांगा. फेसबुकवर "अडकलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे गाठतील. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, आधी अ‍ॅपमध्ये गेले आणि मग पैसे सोडवून देणाऱ्याने "फाइल चार्ज" म्हणून अजून घेतले. त्याच्याकडे त्यांच्या अ‍ॅपमधल्या बॅलन्सचा आकडा अगदी बरोबर होता, म्हणून विश्वास बसला. आकडा बरोबर कसा? बहुतेक तीच माणसं.

परळची_मेधा
दिरालाही तसा फोन आला होता! 62,400 चा आकडा सांगून. आम्हाला वाटलं पोलिसांकडूनच आहे.

घाटकोपर_नाइट_शिफ्ट
बँकेत जाऊन आलो. पोचपावती नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव मिळालं, आक्षेप 900 चाच आहे. वहिनी, मेल इंग्रजीत करू की हिंदीत? आणि पगाराची स्लिप किती महिन्यांची लावू?

बँकेतली_वहिनी
जी भाषा नीट येते त्यात करा. तीन महिन्यांच्या स्लिपा पुरतील. 900 ज्या दिवशी आले त्या पानावर पेनाने खूण करून स्कॅन करा, आणि मेलची एक प्रत शाखेच्या मेलवरही टाका.