डिस्चार्ज कार्डावरचं ‘रेस्ट सीएसटी’: डॉक्टरी शब्द काढावेत की ठेवावेत?

शाहूपुरीची सून
सासूबाई ७८ वर्षांच्या. धाप आणि पायावर सूज म्हणून सहा दिवस इथल्या, कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात होत्या. डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली शेवटची ओळ होती ‘रेस्ट सीएसटी’. आम्ही समजलो, विश्रांती घ्यायला सांगितलंय. शेजारचे एक जण म्हणाले, तसं नव्हे, आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. मग जुन्या पिशवीतल्याही दिल्या. पाचव्या दिवशी न्हाणीत चक्कर येऊन पडल्या, सोडियम उतरून १२२ निघालं. लघवीची गोळी जुन्या पिशवीत होती आणि नव्या कार्डावरही होती. माझं मत असं की कार्डातून हे डॉक्टरी शब्द काढूनच टाकावेत आणि सगळं मराठीत द्यावं. कुणाला हे पटत नसेल तर का, ते सांगा.

फिजिशियन, राजारामपुरी
मला पटत नाही. रात्री दोन वाजता सासूबाईंना सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात न्यावं लागलं, तर तिथला डॉक्टर तेच कार्ड मागणार. त्याला ‘हृदय अशक्त आहे’ या वाक्याचा उपयोग नाही. हृदय किती टक्के रक्त ढकलतं तो ईएफ किती, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन किती, शिरेतून कोणतं औषध किती दिवस दिलं, हे त्याला दोन मिनिटांत दिसायला हवं. हे शब्द काढले तर कार्ड वाचायला सोपं होईल, पण पेशंट धोक्यात येईल.

‘रेस्ट सीएसटी’ मात्र मी कुणालाच लिहू देत नाही. ‘बाकीचे उपचार पूर्वीसारखेच’ एवढाच त्याचा अर्थ. पण ‘पूर्वीचे’ म्हणजे कोणते? वॉर्डातले, घरचे की मागच्या वर्षीचे? तीच ओळ शुद्ध मराठीत लिहिली असती तरी तुम्ही दोन्ही गोळ्या दिल्याच असत्या. लिहिणाऱ्याने घरची पिशवी उघडून बघितलीच नाही, घोळ तिथे झाला.

मेडिकलवाला, गडहिंग्लज
डॉक्टरसाहेब, मूळ कारण कंपनीची नावं. एकाच औषधाची पन्नास नावं, म्हातारी माणसं काय ओळखणार? कार्डावर मूळ औषधाचं नाव ठळक अक्षरात लिहा, जमेल तसं मराठीतही लिहा, मिटलं. मूळ नाव लिहावं असा डॉक्टरांसाठी नियमही आहे. माझ्या काउंटरवर महिन्यातून एकदा तरी एकच गोळी दोन नावांनी घेणारा येतोच.

निवृत्त सिस्टर, कागल
दादा, तुमचं निम्मं बरोबर. नाव दोन आणि औषध एक, असं असेल तर तुमचा उपाय चालेल. पण शाहूपुरीच्या ताई, जुनी गोळी कोणती होती?

शाहूपुरीची सून
जुनी टॉर्सेमाइड १०, नवीन फ्युरोसेमाइड ४० दोन वेळा.

निवृत्त सिस्टर, कागल
म्हणजे मूळ नावंही वेगळी. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून वाचल्या असत्या तरी कळलं नसतं, कारण वेगळ्या नावाच्या दोन गोळ्या एकच काम करत होत्या. अंगातलं पाणी आणि मीठ गरजेपेक्षा जास्त निघालं.

मी २६ वर्षं वॉर्डात काढली. डॉक्टरांचं कार्ड आहे तसंच राहू दे. त्याला एक पान जोडायचं, घरच्यांसाठी. सासूबाईंचं मी असं लिहिलं असतं:

“आईंच्या हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी झाली आहे. हृदय बंद पडलेलं नाही. ताकद कमी, म्हणून पाणी साठलं, पाय सुजले, धाप लागली.

बंद: टॉर्सेमाइड. ही पट्टी आजच पिशवीतून काढली आहे. हिच्या जागी फ्युरोसेमाइड ४०, सकाळी आठला एक आणि दुपारी तीनला एक. रात्री नको, लघवीसाठी सारखं उठावं लागेल आणि अंधारात तोल जाईल.

घरी जाताना वजन ५२ किलो. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. दोन किलो उतरलं, तोंडाला कोरड पडली, उठताना गरगरलं, तरीही फोन करा.”

वजन उतरल्याचं वाक्य कुणी लिहीत नाही. सूज उतरली म्हणून घरचे खूश असतात आणि माणूस आतून कोरडा पडत जातो. ताई, तुमच्याकडे तेच झालं असणार.

पन्हाळ्याचा प्रताप
आमच्या वडिलांच्या कार्डावर विमा कंपनीने आजाराचं नाव जुळत नाही म्हणून पैसे अडवलेत. मराठीत कार्ड दिलं तर क्लेम पास होतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

फिजिशियन, राजारामपुरी
प्रतापराव, क्लेमला मूळ कार्डच लागतं, आजाराचं नाव त्यात अचूक हवं. ते काढू नये म्हणतो, त्याचं हेही एक कारण. तुमच्या अडचणीसाठी वेगळा धागा काढा.

सिस्टर, तुमचं पान उत्तम आहे, पण ते २६ वर्षांच्या अनुभवाचं आहे. माझ्याकडे दुपारच्या आत दहा-बारा डिस्चार्ज असतात. पान लिहिणार कालच रुजू झालेला पोरगा. त्याने ‘एसओएस’चं मराठी केलं ‘गरज लागल्यास’. शब्द सोपा झाला, पण गरज म्हणजे काय? धाप लागल्यावर की झोप न आल्यावर? शिवाय कार्डावर एक डोस आणि पानावर दुसरा असं झालं, तर घरचे पानच खरं मानणार. त्या पानावर सही कुणाची?

जयसिंगपूरची लेक
मला तर वाटतं, जास्त सांगूच नये. बाबांनी कार्डावर ईएफ ३० टक्के वाचलं. सत्तर टक्के हृदय संपलं असं धरून बसले, दोन दिवस जेवले नाहीत. अशी माहिती काय कामाची?

निवृत्त सिस्टर, कागल
ताई, निरोगी हृदयही एका ठोक्याला आतलं सगळं रक्त ढकलत नाही, ५५ ते ७० टक्केच ढकलतं. हे वाक्य त्या आकड्याशेजारी असतं तर बाबा निदान जेवले असते. आकडा लपवायचा नाही, कशाशी ताडून बघायचा ते सांगायचं.

डॉक्टर, सही तुमचीच. वेळेचं म्हणाल तर पानाला बारा ओळी पुष्कळ झाल्या, पण समजावायला माणूस बरोबर निवडा. कार्ड बिल भरणाऱ्या मुलाच्या हातात दिलं जातं आणि गोळ्या देते सून. मी सुनेला बोलवायची, पट्ट्या पलंगावर मांडायची आणि म्हणायची, “आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी कुठल्या देणार?” चूक तिथल्या तिथे दिसते. एका बाईंनी ‘मीठ कमी’ ऐकून वरचं मीठ बंद केलं होतं. पांढरा रस्सा, खर्डा, पापड, लोणचं सगळं चालू. दुसऱ्यांनी दुकानातून लो सोडियम मीठ आणलं. त्यात पोटॅशियम असतं आणि त्यांच्या गोळ्यांनी ते आधीच वाढत होतं. हे दोन्ही मला कार्ड वाचून नाही, त्यांच्या तोंडून कळलं.

मेडिकलवाला, गडहिंग्लज
पट्ट्या मांडायचं मान्य. पण गावाकडचे कार्ड घेऊन थेट माझ्याकडे येतात. ‘बंद’ हा शब्द मूळ कार्डावरच पाहिजे, जोडपान वाटेत हरवतं.

फिजिशियन, राजारामपुरी
हे पटलं. बंद केलेल्या औषधांची ओळ मूळ कार्डावर, नाव आणि कारणासकट, मराठीतसुद्धा. बाकीच्या पानाचं मात्र अजून पटत नाही. तपासायला दुसरा माणूस नसेल तर मी त्यावर सही करणार नाही.

शाहूपुरीची सून
आत्ता पिशवी पलंगावर ओतली. टॉर्सेमाइडची आणखी एक पट्टी निघाली, वेगळ्या कंपनीची, गुलाबी खोक्यात. सोमवारी तपासणीला जाताना सगळी पिशवीच नेते, आणि गोळ्या मीच देते म्हणून आत मीच जाते.