मदत हवी आहे: मावशीवरचं श्रद्धांजलीचं भाषण फारच काळवंडलंय

कोरा_कागद
शनिवारी मावशीच्या स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायचंय. मसुदा 560 शब्दांचा झालाय आणि त्यातले 400 तरी आजारपणाचे आहेत. नमुना देते:

"गेली दोन वर्षं मावशीने असह्य यातना सोसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सुयांनी काळेनिळे पडलेले हात. तरी वॉर्डातल्या फलकावरच्या चुका ती पेन्सिलने सुधारत बसायची. अखेर क्रूर काळाने घाला घातलाच. अपरिमित पोकळी निर्माण झाली."

ती ग्रंथपाल होती, पेन्सिल कायम कानामागे. ऐकणाऱ्यांनी रडून नाही, तिला आठवून घरी जावं असं वाटतं. काय बदलू?

हसतमुख७
सोपं आहे. आजारपण अख्खं उडवा, सुरुवातीलाच एक फर्मास विनोद टाका. वातावरण लगेच हलकं होतं.

दुसरा_खर्डा
विनोदाचं ठीक, पण पहिल्या वाक्यात नको. हसायला परवानगी आहे की नाही हे तेव्हा लोकांना कळलेलं नसतं. सगळे गप्प राहतात आणि बोलणारा गडबडतो. आधी ओठ हलतील इतपतच काहीतरी असावं, मोठं हसू मिनिटभराने.

आजारपण अख्खं काढणंही महागात पडतं. ज्यांनी दोन वर्षं उशाशी काढली ते समोरच बसलेले असतात. त्यांना वाटतं, आमचे दिवस पुसून टाकले. एक-दोन वाक्यं ठेवा, पण त्यांत कर्ता मावशी हवी.

कोरा_कागद, तुमच्या नमुन्यातली पाच वाक्यं बघा. पहिल्यात ती नुसती सोसते, दुसऱ्यात फक्त सुया आहेत, चौथ्यात काळ, पाचव्यात पोकळी. ती स्वतःहून काही करते ते एकाच वाक्यात, पेन्सिलीच्या. नेमकं तेच तुम्ही मध्ये पुरून ठेवलंय. पूर्ण मसुद्यात अशी वाक्यं अधोरेखित करा. उरलेल्यांत दुसऱ्या कुणाचंही नाव घालून वाचा. तरी वाक्य बसलं तर ते काढा. 'पोकळी' आणि 'काळाचा घाला' तिथेच गळतील.

फलकावर नेमकी कोणती चूक होती, आठवतं का?

कोरा_कागद
हो! 'क्रुपया शांतता राखा' असं होतं. तिने 'कृपया' केलं. दुसऱ्याच दिवशी.

दुसरा_खर्डा
मग तो परिच्छेद असा होऊ शकतो:

"शेवटची दोन वर्षं मावशीचे आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसला जायचे. पेन्सिल तिथेही कानामागेच. फलकावर 'क्रुपया शांतता राखा' लिहिलं होतं. मावशीने दुसऱ्याच दिवशी 'कृपया' केलं आणि मग शांतता राखली."

आजार लपवला नाही, तरी लोक हसतील. हसू आलं की दोन श्वास थांबा, नाहीतर पुढचं वाक्य त्यातच बुडतं.

हा परिच्छेद भाषणाच्या मधल्या भागात घ्या. जन्मापासून क्रमाने सांगत गेलात की शेवट आपोआप मृत्यूवरच येतो; मसुदा काळवंडतो तो बहुतेक वेळा इथेच. तुम्ही पेन्सिलीपासून सुरू करा, मध्ये आजार, शेवटी पुन्हा तिची एखादी रोजची सवय. क्रियापदंही बदला. 'गेली, संपलं, उरलं नाही' यांऐवजी 'लावायची, विचारायची, दटावायची'. 'आता ती कधीच पुस्तकं शिवणार नाही' यापेक्षा 'फाटकी पुस्तकं ती घरी आणून शिवायची' म्हणा. तेवढ्यानेही सूर बदलतो.

नवखी_लेखणी
मलाही मदत हवी. आमच्या निवृत्त साहेबांवर अंकासाठी 150 शब्द लिहायचेत. सगळी पदं आणि सन्मान द्यावेत ना?

शेवटचा_बाक
साहेब हयात आहेत ना? मग वेगळा धागा काढा.

मी फक्त वाचण्याबद्दल सांगतो. अशा सभेत मिनिटाला जेमतेम शंभर शब्द होतात आणि थांबे वेगळे. म्हणून 450 च्या आत या. उभं राहून तीनदा मोठ्याने वाचा. आवाज कुठे अडकतो ते कळेल, बहुधा प्रत्येक वेळी तिथेच. ते वाक्य पाच-सहा शब्दांचं करा, लांब वाक्य अर्ध्यात तुटलं की परत उचलता येत नाही. छपाई मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला. दुसरी प्रत पहिल्या रांगेतल्या कुणाकडे तरी द्या, गरज पडली तर पुढचं ते वाचतील.

कोरा_कागद
430 वर आणलंय. शेवट असा: "पुस्तक परत केलं की मावशी आधी पानं दुमडलीत का बघायची, मग विचारायची, 'आवडलं का?'" माझा आवाज इथेच अडकतो.

पण आईला 'मग शांतता राखली' हे पटत नाहीये. म्हणते, सख्ख्या बहिणीच्या सभेत लोक हसलेले मला चालणार नाही.

हसतमुख७
ठेवा हो, आईंची समजूत पटेल.

दुसरा_खर्डा
मी तसं म्हणणार नाही. आईंना अख्खं भाषण एकदा वाचून दाखवा, सुटं वाक्य नको. तरीही खुपलं, तर 'कृपया केलं' इथेच थांबा. हसू कमी होईल, पेन्सिल राहील.