रीसेल आणि सर्व्हिसचा प्रश्न: सांगलीत नव्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट्रोलच्या गाडीसमोर काय सांगून उभे राहावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
आमची इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी कंपनी लहान आहे आणि सांगली-मिरज-कुपवाड हा आमचा पहिला बाजार आहे. गाडीची बॅटरी 3 किलोवॉट-तासांची असून ती आपल्या रस्त्यांवर एका चार्जिंगमध्ये 90 किलोमीटर चालते. ऑन-रोड किंमत 1,18,000 रुपये. चालवून पाहणारे खूश होतात, पण दोन प्रश्न विचारून परत जातात: तीन वर्षांनी हिला कोण घेईल, आणि बंद पडली तर दुरुस्त कोण करील? माझे सहकारी म्हणतात की हे विषय आपण काढूच नयेत, पेट्रोलच्या बचतीवरच बोलावे. मला ते पटत नाही. आपले मत सांगावे.

हिशोबनीस:
वाहनकर्जाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आधी आकडे मांडतो. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि स्कूटरचे मायलेज 45 धरले, तर किलोमीटरला सुमारे 2 रुपये 31 पैसे पडतात. तुमची गाडी पूर्ण चार्ज व्हायला गळती धरून 3.4 युनिट लागतील. युनिटला 10 रुपये धरले तरी खर्च किलोमीटरला 38 पैसे होतो. म्हणजे बचत किलोमीटरमागे 1 रुपया 93 पैसे.

आता तीन वर्षांनी विकतानाचे पाहू. 1,05,000 ची पेट्रोल स्कूटर 60,000 ला गेली तर घट 45,000 ची. तुमची 1,18,000 ची गाडी, नवी कंपनी म्हणून, 30,000 ला गेली तर घट 88,000 ची. हा 43,000 चा फरक पेट्रोलच्या बचतीतून भरून निघायला वर्षाला सुमारे 7,400 किलोमीटर चालवावे लागते. वर्षाचे 300 दिवस धरले तर रोजचे 25. तासगावहून कुपवाड एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर करणाऱ्या कामगाराची बचत तीन वर्षांत 69,000 च्या पुढे जाते, म्हणजे रीसेलचा फटका सोसूनही त्याच्या हाती 26,000 उरतात. विश्रामबागेतून बाजारपेठेपर्यंत रोज 15 किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र 17,000 रुपये जातात. परत जाणारे ग्राहक अडाणी नाहीत. त्यांच्यातल्या निम्म्यांचा हिशोब बरोबर असणार.

म्हणून माझे मत असे की विषय टाळू नका, पण ग्राहक निवडा. रोज 25 किलोमीटरच्या वर चालवणाऱ्यालाच पहिले वर्षभर विका, आणि त्याला हा हिशोब कागदावर, त्याच्या स्वतःच्या किलोमीटरसह, रीसेलची घट लपवता मांडून द्या.

हिशोबनीस:
वर चुकून "लपवता" असे पडले आहे, ते "न लपवता" असे वाचावे.

मिरज जुना बाजार:
मी मिरजेत जुन्या दुचाकींची खरेदी-विक्री करतो. वरचा हिशोब कागदावर छान आहे, पण 30,000 तरी कोण देणार? तीन वर्षांत बॅटरी संपते हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे अॅक्टिव्हा किंवा स्प्लेंडर आली की मी इंजिनचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर पाहतो, चेन किंवा बेल्ट तपासतो आणि पाच मिनिटांत भाव बोलतो, कारण काही निघालेच तर चौकातला कोणताही मेकॅनिक दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो आणि पार्ट गणपती पेठेत मिळतो. तो भाव कंपनीच्या नावाला नसतो, त्या मेकॅनिकला असतो. तुमच्या गाडीत मला ऐकायला आवाजच नाही. दिसत नाही त्याचा भाव मी सगळ्यात वाईट शक्यता धरूनच लावणार, आणि कितीही जाहिरात केली तरी त्यात फरक पडणार नाही.

कोरेगावच्या बाई:
मी या वादात माझा अनुभव सांगते. 2022 मध्ये शाळेत जाण्या-येण्यासाठी एका नव्या कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर मी घेतली. दीड वर्ष उत्तम चालली. मग मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर गेला. साताऱ्याच्या वितरकाने दुकान बंद केले होते, आणि पुण्याहून मागवलेला कंट्रोलर बसवल्यावरही गाडी सुरू होईना, कारण तो सॉफ्टवेअरने गाडीशी जोडावा लागतो आणि ते काम फक्त कंपनीचा माणूस करू शकतो. अकरा आठवडे गाडी अंगणात उभी होती. बॅटरी चांगली होती, मोटर चांगली होती. त्यामुळे माझा सल्ला असा की चार्जिंगची केंद्रे आधी वाढवावीत.

हिशोबनीस:
बाई, तुमची अडचण चार्जिंगची नव्हती, सुट्या भागाची आणि सॉफ्टवेअरच्या कुलपाची होती, आणि धागाकर्त्याच्या दृष्टीने तीच या पानावरची सर्वांत मोलाची माहिती आहे. एक बारका पार्ट अडल्यामुळे सबंध गाडीची किंमत शून्याकडे गेली.

मिरजकर, तुमचे अर्धे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे: रीसेल आणि सर्व्हिस हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. पण बॅटरी तीन वर्षांत संपते हे खरे नाही. रोज 40 प्रमाणे तीन वर्षांचे 36,000 किलोमीटर म्हणजे 90 किलोमीटरच्या हिशोबाने चारशे पूर्ण चार्जिंग. लोह-फॉस्फेट प्रकारचे चांगले सेल याच्या कितीतरी पट टिकतात. बिघडते ते वेगळेच: उन्हात तापलेल्या पॅकमधला एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडतो आणि सगळा पॅक त्या एका सेलच्या चालीने चालतो. ते ओळखता येते. गाडी पूर्ण चार्ज करून ओळखीच्या रस्त्यावर एकाच वेगाने चालवावी. चार्जचा आकडा एकाच गतीने उतरत गेला तर पॅक निरोगी आहे. 30 टक्क्यांवरून एकदम 8 वर आला तर एखादा सेल कमजोर आहे. अडचण इतकीच की या परीक्षेला अर्धा दिवस लागतो, तुमची पाच मिनिटे पुरत नाहीत.

म्हणून कंपनीने ती परीक्षा स्वतः करावी आणि बॅटरीत किती दम उरला आहे याचा सही-शिक्क्याचा दाखला जुन्या गाडीच्या विक्रीच्या वेळी द्यावा. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर विनाशुल्क चढली पाहिजे. पहिल्या मालकापुरती वॉरंटी ही रीसेलच्या दृष्टीने नसल्यासारखीच आहे.

मिरज जुना बाजार:
दाखला विकणारी कंपनीच देणार. मी तो का मानावा?

यवतेश्वर घाट:
मिरजकरांचा संशय रास्त आहे, पण त्याला उत्तर साताऱ्यातच सापडते. 1975 मध्ये इथे महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि बजाजच्या परवान्याने प्रिया स्कूटर बनवू लागली. त्या स्कूटरवर लोकांचा भरवसा बसला तो गल्लीतल्या मेकॅनिकमुळे, कारण तिचे इंजिन त्याने शंभरदा उघडलेले होते. धागाकर्त्यांनी स्वतःचे चकचकीत सर्व्हिस सेंटर एकच काढण्याऐवजी सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर आणि पलूस येथील एकेक चालते गॅरेज निवडावे, तिथल्या मेकॅनिकला आठवडाभर शिकवावे, कंट्रोलर जोडण्याचे सॉफ्टवेअर त्याच्या हाती द्यावे आणि कंट्रोलर, चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, थ्रॉटल व ब्रेक स्विच एवढे पाच पार्ट त्याच्या कपाटात कंपनीच्या खर्चाने ठेवावेत. बॅटरीचा पॅक उघडायला मात्र देऊ नये, तो बदलून कंपनीकडे पाठवावा. दाखलाही त्याच गॅरेजवाल्याने लिहावा. मिरजकर कंपनीला मानणार नाहीत, पण ज्या मेकॅनिककडे ते रोज गाड्या पाठवतात त्याच्या सहीला मानतील.

कृष्णाकाठ:
पाचही गॅरेजांची कल्पना आमच्या आवाक्यातली आहे. आमच्याकडे दुसरा प्रस्ताव असा आहे की तीन वर्षांनी किमतीच्या 45 टक्क्यांना, म्हणजे 53,000 ला, गाडी परत घेण्याची लेखी हमी द्यावी. यावर काय म्हणता?

हिशोबनीस:
हमीने गणित फार बदलते. घट 65,000 वर येते, पेट्रोलशी फरक 20,000 चाच राहतो, आणि रोज बारा किलोमीटर चालवणाऱ्यालाही गाडी परवडते. शहरातला जो ग्राहक मी तुम्हाला सोडायला सांगितला होता तो परत येतो. एथरसारख्या कंपन्यांनी अशी पुनर्खरेदीची हमी देऊन पाहिलेली आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही.

पण तिचा खर्च आजच मोजा. बाजारभाव 30,000 असेल तर परत येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे 23,000 तुमच्या खिशातून जाणार. शंभरातल्या चाळीस परत आल्या असे धरले तर आज विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 9,200 रुपये बाजूला काढावे लागतील. पाचशे गाड्यांचे 46 लाख. शिवाय परत येणाऱ्या चाळीस या सरासरी गाड्या नसतील. चांगली गाडी मालक स्वतःकडे ठेवतो किंवा भावाला देतो. रडणारी गाडी तुमच्या दारात येते. आणि ती हमी कंपनीच्या लेटरहेडवर असेल तर बाईंसारखी ठेच लागलेला माणूस विचारणारच की तीन वर्षांनी तुम्ही असाल का. हे पैसे बँकेत वेगळ्या खात्यात, कंपनीला हात लावता येणार नाही अशा अटीवर ठेवलेत, तरच ग्राहक ती हमी मोलाची मानेल.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नव्या गाडीची किंमत कधीही एकदम उतरवू नका. स्प्लेंडरचा जुना भाव टिकला यामागे तिची नवी किंमत वर्षानुवर्षे थोडी थोडी चढत गेली हेही एक मोठे कारण आहे. तुम्ही दिवाळीला 20,000 ची सूट दिलीत की त्याच दिवशी तुमच्या आधीच्या प्रत्येक ग्राहकाच्या गाडीचा भाव जवळपास तेवढाच पडतो, आणि तो ग्राहक पुढच्या दहा जणांना ते सांगतो. इलेक्ट्रिक गाड्यांचे जुने भाव जे कोसळले त्यात बॅटरीपेक्षा या सुटींचा आणि बदलत्या सरकारी अनुदानाचा हात मोठा आहे. 1 जून 2023 पासून फेम योजनेतील अनुदानाची मर्यादा गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आली. अशा चढउतारात जुन्या गाडीचा भाव कशाशी ताडून पाहायचा हेच कोणाला कळेनासे होते.

यवतेश्वर घाट:
सूट न देता नवी कंपनी पहिल्या दोनशे गाड्या विकणार कशा, हे मला समजत नाही. शोरूममध्ये समोरच्या कंपनीचा सवलतीचा फलक लागलेला असताना नुसत्या तत्त्वावर ग्राहक येत नाही.

हिशोबनीस:
तेच 9,200 रुपये सूट म्हणून वाटायचे की हमीच्या खात्यात ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे. मी खात्यात ठेवीन. तुम्ही सूट द्याल. दोन्हींना किंमत मोजावी लागते.

गावभागकर:
सांगलीत विकणार असाल तर पुराचे बोला. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या गल्लीत पाणी कित्येक दिवस उतरले नव्हते. पेट्रोलच्या गाड्या मेकॅनिकांनी उघडल्या, तेल बदलले, कार्ब्युरेटर धुतला आणि बऱ्याच पुन्हा चालू लागल्या. तुमच्या बॅटरीवर आयपी 67 लिहिलेले असते, पण त्या कसोटीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तासच ठेवतात, दोन दिवस नव्हे. पुरात बुडालेली गाडी तुम्ही 53,000 ला परत घेणार का?

कृष्णाकाठ:
नाही घेऊ शकणार; आमच्या मसुद्यात बुडालेली गाडी हमीतून वगळलेली आहे. पण ते वाक्य वाचल्यावर गावभागातला ग्राहक सही करील का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. विम्यात बॅटरीसाठी वेगळे संरक्षण घेऊन त्याचा हप्ता आम्ही भरावा, असा विचार आज प्रथमच सुचला आहे. सोमवारी विमा कंपनीकडे विचारणा करतो.

मिरज जुना बाजार:
विचारा. आणि मिरजेत कोणते गॅरेज निवडता ते कळवा. माणूस माझ्या ओळखीचा निघाला तर पहिली जुनी गाडी मी दाखल्यावर घेऊन पाहीन, भाव मात्र माझा राहील.