मदत हवी आहे: परंपरावादाचे नेमके उदाहरण कोणते द्यावे?

नमस्कार. मी नाशिकमध्ये बी.ए.च्या राज्यशास्त्र विषयाची तयारी करत आहे. उदारमतवाद, समाजवाद आणि परंपरावाद यांची प्रत्येकी दोन वाक्यांत व्याख्या आणि एक उदाहरण, असे पाच गुणांचे उत्तर मी लिहून पाहिले.

उदारमतवादासाठी राज्यघटनेच्या कलम 19 मधील भाषणस्वातंत्र्य दिले, कारण तेथे व्यक्तीचा हक्क राज्यसत्तेला मर्यादा घालतो. समाजवादासाठी 1969 मधील 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण लिहिले. त्यावर सरांचा शेरा होता, ‘मालकी सरकारकडे गेली, एवढ्याने समाजवाद सिद्ध होत नाही, हेतू लिहा.’ म्हणून शेती व लघुउद्योगांपर्यंत कर्ज पोहोचवण्याचा उद्देश जोडला, आणि ते उत्तर मान्य झाले.

अडचण परंपरावादाची आहे. ‘बदलाला विरोध’ ही माझी व्याख्या सरांनी खोडली, आणि ते मला पटते: परंपरावादाचे प्रमुख विचारवंत एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका केली, पण अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींची बाजू घेतली होती. म्हणजे विरोध बदलाला नसून, जुन्या संस्था एकदम मोडून तर्काच्या आराखड्यावर समाज नव्याने उभारण्याला आहे.

भारतीय उदाहरण म्हणून हिंदू कोड बिलाला झालेला विरोध सुचतो, परंतु तो केवळ धर्मरक्षणाचा वाटून व्याख्येशी जुळणार नाही, अशी भीती वाटते. उत्तर मराठीतच, साधारण 120 शब्दांत लिहायचे आहे. अशा वेळी बर्क यांचेच उदाहरण ठेवावे, की हिंदू कोड बिलाचे उदाहरण एका वाक्यात व्याख्येशी जोडता येईल, आणि ते वाक्य कसे असावे?