मदत हवी आहे: ‘छोटा बदल’ आणि ‘लवकर’ यांना आकडा कसा लावायचा?

पानगळ: आमच्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर टीममध्ये नियम आहे, ‘छोटा बदल असेल तर लवकर तपासून द्यावा.’ काल माझा बदल दीड दिवस पडून होता. तपासणारा म्हणतो, लवकरच दिला की! आणि तो त्याला छोटाही वाटला नाही. नियम मलाच नव्याने लिहायचाय. आकडे कुठून आणू?

खडू_फळा: सोपं आहे. 100 ओळींपर्यंत छोटा, 24 तास म्हणजे लवकर. विषय संपला.

पानगळ: माझा बदल 640 ओळींचा होता, पण त्यात फक्त एका फंक्शनचं नाव सगळीकडे बदललं होतं. वाचायला पाच मिनिटं.

दीपगृह: म्हणूनच आकडा आधी ठरवू नका. जुने पंधरा-वीस बदल काढा आणि प्रत्येकाने एकमेकांचं न बघता ‘छोटा’ किंवा ‘नाही’ लिहायचं. मग ते ओळींच्या संख्येनुसार लावा. आमच्याकडे 50 ओळींपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं, 220 च्या पुढे सगळे ‘नाही’ म्हणत होते, मधे वाद. रेषा त्या मधल्या पट्ट्यातच कुठेतरी येते. आणि छोटा बदल ‘मोठा’ किंवा मोठा ‘छोटा’ ठरत असेल, तुमच्या 640 सारखा, तर माप चुकलंय असं समजा. तिथे ओळी मोजण्याऐवजी वाचायला लागणारी मिनिटं विचारा.

‘लवकर’साठी ‘किती वेळात हवं?’ असं विचारू नका, लोक शोभेल असा आकडा सांगतात. ‘किती वेळ गेला की तुम्ही आठवण करून द्याल?’ असं विचारा.

मीनाक्षी_द: माझंही असंच! डॉक्टर म्हणाले, दुखलं की थोडा वेळ शेक द्या. मी तासभर दिला, त्वचा लाल झाली. त्यांच्या मनात दहा मिनिटं होती.

खडू_फळा: ‘लवकर’ला आकडा लावला की भाषा मरते.

दीपगृह: ब्रिटनच्या सागरी हवामान अंदाजात वादळाच्या इशाऱ्यातल्या या शब्दांना ठरलेले आकडे आहेत: ‘इमिनंट’ म्हणजे इशारा दिल्यापासून 6 तासांच्या आत, ‘सून’ 6 ते 12 तास, ‘लेटर’ 12 तासांनंतर. शब्द तोच राहतो, अर्थ सगळ्यांना एकच कळतो. आणि घड्याळ कधी सुरू होतं तेही ठरलेलं आहे.

पानगळ: आज तुमचा प्रश्न विचारला. उत्तरं आली 3 तास, संध्याकाळपर्यंत, 2 दिवस. 2 दिवसवाला अर्धवेळ काम करतो. म्हणून लिहिलं, ‘तपासणीला पाठवल्यापासून कामाचे 8 तास.’ पण चाचण्या नापास झाल्या तर घड्याळ थांबवायचं का?

दीपगृह: आम्ही थांबवतो, कारण चेंडू परत लिहिणाऱ्याकडे जातो.

मीनाक्षी_द: मग मुद्दाम कच्चं पाठवून रांगेत नंबर लावणारे?

पानगळ: तसा एकजण आहेच. त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. मधल्या पट्ट्यातल्या सात बदलांवर उद्या बसतोय.