प्रतिसाद: मालकीची फर्म आणि W-8BEN

> 'वडोदऱ्यात घरी बसून अमेरिकन क्लायंटचे लोगो करते. फर्म एकटीच्या मालकीची आहे. W-8BEN भरू की W-8BEN-E? 30 टक्के कापतील का?'

ताई, W-8BEN च, म्हणजे परदेशी व्यक्तीने अमेरिकन पैसे देणाऱ्याला द्यायचा कराचा फॉर्म. मालकीची फर्म तुमच्याहून वेगळी धरली जात नाही. -E कंपनीसारख्या संस्थांसाठी. म्हणून नावाच्या रकान्यात फर्मचं नाव नको, पॅनवरचं तुमचं नाव हवं. प्लॅटफॉर्मवरच्या खात्याला फर्मचं नाव असेल तर आधी तेच बदला, नाहीतर नावं जुळत नाहीत म्हणून फॉर्म परत येतो. पत्ता राहता द्या, पोस्ट बॉक्स चालत नाही. रकाना 6a मध्ये पॅन टाका, रकाना 5 रिकामा ठेवा.

कापण्याचं म्हणाल तर काम भारतात बसून होतं, त्यामुळे ते उत्पन्न अमेरिकेतलं ठरतच नाही आणि 30 टक्के कापायचं कारण नाही. Part II मधली भारत-अमेरिका कर-कराराची सवलत त्यासाठी मागायला लागत नाही, उगाच तिथे टक्केवारी लिहीत बसू नका. तिकडे जाऊन काम केलंत तर गोष्ट वेगळी.

तारखेत महिना आधी येतो: 8 मे म्हणजे 05-08. 2025 मध्ये सही केलीत तर फॉर्म 31 डिसेंबर 2028 पर्यंत चालतो. मधे पत्ता दुसऱ्या देशात गेला तर 30 दिवसांत कळवायचं. इथलं रिटर्न मात्र भरायचंच.