शब्दचर्चा : ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला ‘अ’

पानगळ
आमच्या मंडळाच्या नियमावलीचा मसुदा सभासदांकडे वाचायला गेला होता. 50 पैकी 9 जणांनी हरकती पाठवल्या. कार्यकारिणीला इंग्रजीत कळवायचं होतं, म्हणून मी लिहिलं, ‘फ्यू मेंबर्स हॅव रेझ्ड ऑब्जेक्शन्स.’ माझ्या मनात होतं, ‘काही सभासदांनी हरकती घेतल्या आहेत.’ अध्यक्षांनी वाचलं, ‘फारशा कुणाची हरकत नाही.’ मसुदा चर्चेविनाच मंजूर झाला. त्या नऊ जणांपैकी दोघांचे फोन आले तेव्हा मला उलगडा झाला. मनाला फार लागलंय. शाळेत ‘फ्यू म्हणजे थोडे’ असंच पाठ केलं होतं. मग चुकलं कुठे?

अंकगणित
सोपं आहे. ‘अ फ्यू’ म्हणजे तीन-चार, ‘फ्यू’ म्हणजे त्याहून कमी, एखाद-दुसरा. तुमचे नऊ होते, म्हणजे दोन्ही चूक. ‘सम’ लिहायला हवं होतं.

रफार
‘सम’ चाललं असतं हे खरं, पण कारण ते नाही. आकडा दोन्हीकडे तोच असू शकतो. नऊ जणांच्या हरकती आल्या याची दखल घ्यायची असेल तर ‘अ फ्यू’. पन्नासांतून जेमतेम नऊच आल्या, म्हणजे विरोध नाहीच, असं सुचवायचं असेल तर ‘फ्यू’. लिहिणारा कुठल्या बाजूने बघतोय ते त्या ‘अ’वरून ठरतं.

मराठीत हे काम आपण ‘च’कडून करून घेतो. ‘थोडे लोक आले’ आणि ‘थोडेच लोक आले’ यांत गल्लत करणारा मराठी माणूस सापडणार नाही. घोटाळा असा होतो की मराठीत नन्नाचा सूर लावायला शब्द जोडावा लागतो, आणि इंग्रजीत तो ‘अ’ गाळला की आपोआप लागतो. आपल्याला ‘अ’, ‘द’ गाळायची सवय, त्यामुळे आपण न कळत ‘च’ लावून बसतो.

पानगळ
हे पटलं. पण लिहिताना ओळखायचं कसं? त्या क्षणी तर दोन्ही बरोबरच वाटतात.

रफार
मी मनात वाक्य दोनदा फिरवते. आधी ‘दोन-चार’ घालून बघते. ‘दोन-चार सभासदांनी हरकती घेतल्या’ हे म्हणायचंय? मग ‘अ’ हवाच. (हे ‘दोन-चार’ मोजून दोन किंवा चार नसतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.) मग ‘फारसे… नाहीत’ घालून बघते. ‘फारशा सभासदांनी हरकती घेतल्या नाहीत’ हे म्हणायचं असेल तरच नुसतं ‘फ्यू’.

बघा, दुसऱ्या वाक्यात क्रियापदच नकारी झालं. इंग्रजीतही आतून तसंच होतं. ‘फ्यू पीपल केम’ला जोडप्रश्न लागतो ‘डिड दे?’, आणि ‘अ फ्यू पीपल केम’ला ‘डिडन्ट दे?’ म्हणजे पहिल्या वाक्यात ‘नॉट’ कुठे दिसत नसलं तरी इंग्रजी त्याला नकारी वाक्यच समजते.

अंकगणित
जोडप्रश्नाचं माहीत नव्हतं. मग ‘क्वाइट अ फ्यू’ काय? ते मी कायम ‘अगदी थोडे’ असं वाचत आलोय.

रफार
त्याचा अर्थ नेमका उलटा, ‘बरेच’. आणि ‘ओन्ली अ फ्यू’ म्हटलं की पुन्हा ‘थोडेच’. ही दोन मात्र तशीच लक्षात ठेवावी लागतात.

नवाविद्यार्थी
माझी गाडी तर मच-मेनीलाच अडते. एका मुलाखतीत मी ‘हाऊ मेनी मनी’ विचारलं. समोरचे हसले नाहीत, पण मला ते जाणवलं. मोजता येतं त्याला मेनी, हा नियम मला पाठ आहे. पैसे तर मोजतातच की! मराठीत असा भेदच नाही, सगळीकडे ‘किती’, म्हणून आपलं असं होतं ना?

पानगळ
माझा प्रश्न वेगळा होता, पण हेही होऊन जाऊ दे. माझ्याकडूनही हे होतं.

रफार
फार वेगळा नाहीये. ‘फ्यू’ मेनीच्या घरातलं आणि ‘लिट्ल’ मचच्या. ‘लिट्ल टाइम’ आणि ‘अ लिट्ल टाइम’ यांतही तोच ‘च’चा खेळ आहे.

‘मोजता येतं का’ हा प्रश्न वस्तूला विचारला की फसगत होते. तो शब्दाला विचारायचा. ‘वन मनी, टू मनीज’ असं रोजच्या बोलण्यात कुणी म्हणतं का? नाही. म्हणून ‘हाऊ मच मनी’. नाणी तीच, पण ‘कॉइन’ म्हटलं की ‘वन कॉइन, टू कॉइन्स’ होतं, म्हणून ‘हाऊ मेनी कॉइन्स’. खिशातलं काहीच बदललेलं नसतं.

आणि मराठीत भेद नाही असं म्हणू नका. ‘किती’ एकच आहे, पण त्याच्यापुढचा शब्द बदलतो. ‘किती वेळ लागला?’ आणि ‘किती वेळा सांगितलं?’ यांत तुम्ही कधी चुकलात? पहिला मच, दुसरा मेनी. ‘त्याच्याकडे खूप पैसा आहे’ आणि ‘माझ्याकडे सुटे पैसे आहेत’ यांतही तीच जात दिसते. ‘माहिती’चं अनेकवचन आपण करतच नाही, म्हणून ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणाऱ्याने जरा थांबून मराठी आठवावी. अडचण येते ती दोन भाषांनी वेगवेगळी बाजू धरली तिथे. आपले सल्ले आणि बातम्या अनेक असतात, इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ एकवचनीच चालतात.

काजळी
केसांचं विसरलात! ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ हे मी वर्षानुवर्षं म्हणत होते. मराठीत केस गळतात, पांढरे होतात, अनेकवचनच. तिकडे डोक्यावरचा सगळा मिळून एकच ‘हेअर’. पण कोटावर दोन केस सापडले तर ‘टू हेअर्स’ बरोबर म्हणे.

रफार
बरोबरच आहे. सुटा केस दिसला की तोच शब्द मोजता येण्यासारखा होतो. म्हणून शब्दाची जात कायमची ठरलेली आहे असंही धरून चालू नये.

नवाविद्यार्थी
म्हणजे ‘आय हॅव मच वर्क’ बरोबर ना? कामं अनेक असली तरी ‘वर्क’ मोजता येत नाही.

रफार
व्याकरणाने चूक काढता येणार नाही, पण बोलण्यात कानाला खटकतं. ‘मच’ नकारात आणि प्रश्नात सहज बसतो. ‘आय डोन्ट हॅव मच वर्क’ छान वाटतं. होकारी वाक्यात ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणा.

अंकगणित
मग ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चाही निकाल लावून टाका. ‘लेस पीपल’ लिहिलेलं दिसलं की मी लाल रेघ मारतो.

काजळी
इतकी लाल रेघ नको. मोजता येतं त्याला ‘फ्यूअर’, बाकीच्याला ‘लेस’, हा भेद इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये मांडला, आणि तोही स्वतःची आवड म्हणून. त्याआधी शेकडो वर्षं मोजता येणाऱ्या गोष्टींनाही ‘लेस’ लागत होतं. ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ तर आजही सगळेच म्हणतात, तुम्हीही म्हणत असाल.

अंकगणित
किलोमीटरचं ठीक आहे, ते अंतर झालं. पण माणसं? परीक्षेत ‘लेस पीपल’ला गुण मिळणार नाहीत, आणि मी देणारही नाही.

रफार
औपचारिक लेखनात मीही ‘फ्यूअर’च लिहिते. बोलण्यात कुणाला अडवत नाही. इथे आपलं एकमत व्हायचं नाही.

पानगळ
आज कार्यकारिणीला पुन्हा पत्र पाठवलं. आधी ‘अ फ्यू मेंबर्स’ लिहिलं, मग तेही खोडलं. आता वाक्य आहे, ‘नाइन मेंबर्स हॅव रेझ्ड ऑब्जेक्शन्स’, आणि नऊही हरकती खाली जोडल्या आहेत. मसुदा पुढच्या सभेत परत चर्चेला येतोय.